विश्लेषण : रुग्ण निर्णय घेऊ शकत नसेल, तर त्याचे ‘हित’ कसे ठरते? ‘नातेवाइकांशी बोललो’ ही नोंद का पुरत नाही?

इंग्लंड आणि वेल्समध्ये रुग्णाची निर्णयक्षमता नसेल, तर डॉक्टरांना त्याच्या ‘सर्वोत्तम हिताचा’ निर्णय घ्यावा लागतो. कोणाला विचारले, का विचारले आणि कोणाला विचारले नाही, याचीही लेखी नोंद ठेवावी लागते. ही नोंद नेमकी कशी असते? भारतातील स्थिती काय?

रात्री तीन वाजताची सूचना

जानेवारी 2011. इंग्लंडमधील सुंदरलँडच्या रुग्णालयात 28 वर्षांचा एक तरुण दाखल होता. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती आणि स्वतःच्या उपचारांबाबत निर्णय घेण्याची त्याची क्षमता नव्हती. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या कागदपत्रांत एक सूचना लिहिली गेली. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यात म्हटले होते. त्याची काळजी घेणाऱ्या आईला त्याआधी विचारले गेले नाही. नातेवाइकांशी सकाळी बोलायचे, असे ठरले होते. आईने आक्षेप घेतल्यावर काही तासांनी ही सूचना मागे घेण्यात आली. नंतर त्या तरुणाचे निधन झाले.

प्रकरण न्यायालयात गेले. ‘विन्स्पीअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल नोव्हेंबर 2015 मध्ये लागला. सूचना वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होती की चूक, हा वादाचा मुख्य मुद्दा नव्हता. आईला विचारणे शक्य होते का, एवढाच प्रश्न होता. मध्यरात्रीचा फोन गैरसोयीचा असेल, पण गैरसोयीचे आणि अशक्य यात फरक आहे, असे न्यायालयाने म्हटले. आईशी संपर्क का होऊ शकला नाही, याचे समर्थनीय कारण रुग्णालयाकडे नव्हते. त्यामुळे रुग्णाच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला.

तेव्हापासून तेथील डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हा खटला आवर्जून सांगितला जातो. कोणाशी बोललो हे जसे लिहायचे, तसेच कोणाशी बोललो नाही आणि का, हेही लिहायचे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

कायदा काय सांगतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘मेंटल कपॅसिटी अॅक्ट 2005’ हा कायदा 16 वर्षांवरील व्यक्तींना लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात सर्वोत्तम हित ठरवताना काय पाहायचे, याची यादी दिली आहे. रुग्णाच्या आधीच्या आणि आताच्या इच्छा, त्याच्या श्रद्धा, त्याची मूल्ये, तसेच निर्णयक्षमता पुढे परत येण्याची शक्यता या गोष्टी त्यात येतात. रुग्णाला शक्य तितके निर्णयात सहभागी करून घेण्याचे बंधनही आहे.

कोणाचा सल्ला घ्यायचा, हेही याच कलमात आहे. रुग्णाने स्वतः ज्याचे नाव सांगितले असेल ती व्यक्ती, त्याची काळजी घेणारे किंवा त्याच्या भल्यात रस असणारे लोक, त्याने नेमलेला अधिकृत प्रतिनिधी आणि न्यायालयाने नेमलेला प्रतिनिधी, अशी ही यादी आहे. ‘शक्य आणि योग्य असेल तर’ एवढीच अट त्याला जोडलेली आहे.

या यादीत ‘जवळचे नातेवाईक’ असा वेगळा मान नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. मुलगा, सून, पती किंवा पत्नी यांना केवळ नात्यामुळे रुग्णाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार तेथे मिळत नाही. त्यांचे म्हणणे ऐकणे डॉक्टरांना बंधनकारक आहे, पण निर्णय त्यांच्या सहीवर अवलंबून नसतो. म्हणूनच ‘मुलाने संमती दिली’ ही नोंद तेथे चुकीची ठरते. मुलाने आईबद्दल काय सांगितले, हे लिहायचे असते.

कायद्याच्या आचारसंहितेनुसार अशा प्रत्येक निर्णयाच्या नोंदीत चार गोष्टी हव्यात. निर्णयापर्यंत कसे पोहोचलो, त्याची कारणे कोणती, कोणाचा सल्ला घेतला आणि कोणते घटक विचारात घेतले. पाचव्या कलमानुसार डॉक्टर-परिचारिकांना कायदेशीर संरक्षण मिळते, पण त्यासाठी निर्णय रुग्णाच्या हिताचा आहे, असे मानायला रास्त आधार असावा लागतो. तो आधार होता की नाही, हे वर्षभराने कोणी तपासले तर ही नोंदच पाहिली जाते.

आधी निर्णयक्षमतेची नोंद

सर्वोत्तम हिताचा प्रश्न येतो तो रुग्णाची निर्णयक्षमता नाही, हे ठरल्यावरच. ‘डिमेन्शिया आहे, निर्णयक्षमता नाही’ असे एका ओळीत लिहून चालत नाही. क्षमता ठरावीक निर्णयापुरती आणि ठरावीक वेळेपुरती तपासायची असते. दुपारी जेवायला काय हवे, हे सांगू शकणारी व्यक्ती शस्त्रक्रियेचे धोके तोलू शकेलच असे नाही.

तपासायच्या गोष्टी चार आहेत. माहिती समजते का, निर्णयापुरती ती लक्षात राहते का, तिचा विचार करून ती तोलता येते का आणि निर्णय कोणत्याही मार्गाने व्यक्त करता येतो का. यांपैकी कोणतीही एक गोष्ट जमत नसेल आणि त्याचे कारण मेंदूचा किंवा मनाचा आजार असेल, तरच क्षमता नाही असे म्हणता येते. त्याआधी रुग्णाला समजावे म्हणून काय प्रयत्न केले, हेही लिहायचे. ज्यांची इंग्रजी वयोमानाने किंवा आजाराने मागे पडली आहे, त्यांच्यासाठी यातला मोठा भाग भाषेचाच असतो.

एक उदाहरण : घास की नळी?

एक काल्पनिक पण नेहमी घडणाऱ्या प्रकारातले उदाहरण घेऊ. मूळ सांगलीच्या, 40 वर्षांपासून लेस्टरमध्ये राहणाऱ्या 82 वर्षांच्या एक आजी. त्यांना आधीपासून मध्यम स्वरूपाचा डिमेन्शिया आहे आणि आता पक्षाघाताचा झटका आला आहे. गिळताना अन्न श्वासनलिकेत जाते. नाकातून घातलेली नळी त्यांनी तीनदा ओढून काढली. आता दोन पर्याय आहेत. पोटातून थेट जठरात कायमची नळी बसवायची, किंवा न्यूमोनियाचा धोका मान्य करून तोंडानेच जपून, मऊ अन्न भरवायचे.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न नेमका लिहिणे. ‘आहाराबाबत निर्णय’ असे मोघम लिहिले, तर पुढची सगळी चर्चा भरकटते. ‘जठरात नळी बसवणे की धोका पत्करून तोंडाने भरवणे, यांपैकी कोणता पर्याय आजींच्या हिताचा’ असे लिहिले, की प्रत्येकाला तोच प्रश्न विचारता येतो.

दुसरी पायरी आजींशी बोलणे. मुलगा शेजारी असला, तरी दुभाषा म्हणून त्याला वापरू नये, कारण या निर्णयात त्याचे स्वतःचे मत आहे. मराठीच्या व्यावसायिक दुभाष्याला सकाळी, आजी जास्त सावध असताना, बोलावले जाते. आजींना पर्यायांची तुलना जमत नाही, दोन मिनिटांपूर्वी सांगितलेले त्यांना आठवत नाही. पण त्या तोंडाकडे बोट करून ‘चहा’ म्हणतात आणि नाकाला हात लावून मान हलवतात. क्षमता नसली, तरी ही त्यांची आताची भावना आहे. ती त्यांच्याच शब्दांत आणि खुणांसह लिहायची. नळी ओढून काढणे हा नकार असू शकतो, तसाच तो गोंधळलेल्या अवस्थेतला चाळाही असू शकतो. नोंदीत दोन्ही शक्यता लिहाव्यात. आपल्याला हवा तो अर्थ तेवढा लावू नये.

तिसरी पायरी कागद तपासणे. मुलगा सांगतो, ‘माझ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे.’ इथे बऱ्याचदा गफलत होते. ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ दोन प्रकारची असते. एक मालमत्ता आणि पैशांसाठी, दुसरी आरोग्य आणि देखभालीसाठी. मुलाकडचा नोंदणीकृत कागद पाहिल्यावर तो पहिल्या प्रकारचा निघतो. म्हणजे आईचे बँक खाते तो पाहू शकतो, नळीचा निर्णय घेऊ शकत नाही. आरोग्याचा कागद असता, तरी जीव वाचवणाऱ्या उपचारांबाबतचा अधिकार त्यात स्पष्टपणे दिलेला आहे का, हे पाहावे लागले असते. म्हणून नोंदीत ‘कागद स्वतः पाहिला, प्रकार अमुक’ असे लिहायचे.

कोणाला विचारले आणि का?

नोंदीचा गाभा हा आहे. आजींच्या बाबतीत चार जणांशी बोलणे होते. प्रत्येकाच्या नावापुढे नाते, तारीख, वेळ, समोरासमोर की फोनवर, आणि त्यांनाच का विचारले, हे लिहिले जाते.

मुलगा रोज भेटतो आणि घरी त्यानेच काळजी घेतली आहे. त्याचे म्हणणे, ‘आईला उपाशी कसे ठेवायचे? नळी बसवा.’ मुलगी पुण्यात आहे. ती दूर आहे म्हणून तिला वगळता येत नाही. व्हिडिओ कॉल शक्य आहे, म्हणजे विचारणे शक्य आहे. ती सांगते, की वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना महिनाभर नळ्या होत्या आणि तेव्हा आई तिला दोनदा म्हणाली होती, ‘माझ्या बाबतीत हे करू नका.’ तिसरी व्यक्ती घरी येणारी देखभाल सेविका. दोन वर्षे तीच आजींना जेवू घालत होती. आजींना अनोळखी हाताने भरवलेले चालत नाही आणि जेवण हाच त्यांचा दिवसातला सुखाचा वेळ आहे, असे ती सांगते. चौथी भजनी मंडळातली जुनी मैत्रीण. तिचे नाव आजी स्वतः वारंवार घेतात, म्हणून तिला विचारायचे.

चौघांनाही विचारलेला प्रश्न सारखा आणि नेमका असतो. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारायचे नसते. ‘आजींना स्वतः सांगता आले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या आणि तुम्हाला असे का वाटते?’ असे विचारायचे असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ‘एन्ट्री विरुद्ध जेम्स’ या निकालात हाच दृष्टिकोन मांडला. हित म्हणजे केवळ वैद्यकीय लाभ नाही. रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून त्याचा दृष्टिकोन काय असता, हे शोधायचे आणि त्यासाठीच इतरांचा सल्ला घ्यायचा, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे हे मतदान नसते. तीन विरुद्ध एक असा हिशेब नोंदीत दिसला, तर प्रक्रिया चुकली असे समजावे.

मुलीने सांगितलेले आईचे बोलणे हा कायदेशीर ‘आगाऊ नकार’ ठरत नाही. जीव वाचवणारा उपचार आधीच नाकारायचा असेल, तर तो लेखी, सहीचा आणि साक्षीदारासह असावा लागतो. जिवाला धोका असला तरी हा नकार कायम राहील, असेही त्यात म्हणावे लागते. पण बोलणे तोंडी होते म्हणून ते सोडून देता येत नाही. आधीच्या इच्छेचा पुरावा म्हणून ते कधी, कोणत्या प्रसंगी आणि कोणासमोर बोलले गेले, या तपशिलासह लिहायचे.

आता दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. पहिली : ‘कुटुंबाशी चर्चा केली. सर्व सहमत. तोंडाने आहार सुरू.’ दुसरी : ‘मुलाशी मंगळवारी दुपारी 4 वाजता वॉर्डात बोलणे. रोज काळजी घेतात म्हणून विचारले. आईला भुकेचा त्रास होईल अशी त्यांना भीती. नळी हवी असे मत. मुलीशी त्याच दिवशी व्हिडिओ कॉल. वडिलांच्या आजारात आईने नळ्या नकोत असे दोनदा सांगितल्याचे म्हणाल्या. दोघांत मतभेद.’ पहिल्या नोंदीतून फक्त निर्णय कळतो. दुसरी वाचून रात्रपाळीच्या डॉक्टरला निर्णयामागची कारणे कळतात आणि काही बदलले, तर तो निर्णय पुन्हा तपासू शकतो.

मतभेद झाला तर?

मतभेद लपवून ‘सर्व सहमत’ लिहिणे ही सर्वात महागात पडणारी चूक. आजींच्या उदाहरणात मुलाचा विरोध त्याच्या शब्दांत लिहिला जातो. त्याला भाषा आणि गिळण्याच्या तज्ज्ञांची भेट घडवली जाते, तसेच दुसऱ्या डॉक्टरचे मत मागवले जाते. नळी बसवली तरी लाळ श्वासनलिकेत जाण्याचा धोका संपत नाही, आणि आजी ती नळीही ओढतील म्हणून त्यांचे हात अडवावे लागतील, हे त्याला कळते. त्यानंतर तो तोंडाने भरवण्याला तयार होतो. नोंदीत त्याचा आधीचा विरोध खोडला जात नाही. मत कशामुळे बदलले, तेवढे पुढे जोडले जाते.

तो तयार झालाच नसता तर? 2018 मध्ये ‘एनएचएस ट्रस्ट विरुद्ध वाय’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी थांबवण्यासाठी प्रत्येक वेळी न्यायालयात जाण्याची गरज नाही. कायद्याची प्रक्रिया पाळली असेल आणि संबंधितांत एकमत असेल, तर निर्णय रुग्णालयातच होऊ शकतो. पण निर्णय अगदी काठावरचा असेल, डॉक्टरांत मतभेद असतील किंवा जवळच्यांचा विरोध असेल, तर ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’कडे जायला हवे. एकमत होते की नाही, हे सिद्ध करणारा कागद म्हणजे पुन्हा हीच नोंद.

शेवटी निर्णयाखाली दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे, निवडलेल्या पर्यायाचे कारण, निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि फेरविचाराची तारीख येते. आजींच्या बाबतीत सात दिवसांनी, किंवा त्याआधी ताप आला किंवा गिळणे सुधारले तर लगेच.

विचारायला कोणीच नसेल तर?

काही रुग्णांना कोणीच नसते. गंभीर उपचारांचा किंवा दीर्घकाळ राहण्याच्या ठिकाणाचा निर्णय असेल आणि सल्ला घेण्याजोगी जवळची व्यक्ती नसेल, तर ‘इंडिपेंडंट मेंटल कपॅसिटी अॅडव्होकेट’ नेमावा लागतो. नावात अॅडव्होकेट असला, तरी हा कोर्टातला वकील नव्हे. तो रुग्णाला भेटतो, कागदपत्रे पाहतो, रुग्णाच्या इच्छेचे धागेदोरे शोधतो आणि अहवाल देतो. तो निर्णय घेत नाही, पण डॉक्टरांना त्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो.

कधी नातेवाईक असतात, पण त्यांना विचारणे योग्य नसते. उदाहरणार्थ, त्यांच्याकडून रुग्णाचा छळ झाल्याचा संशय असेल, किंवा रुग्णाने पूर्वी त्यांना कळवू नका असे सांगितले असेल. तेव्हा तेही कारणासह लिहायचे. तातडीच्या प्रसंगी, मिनिटांचा प्रश्न असेल, तर आधी उपचार करता येतात. मात्र किती वाजता, कोणत्या नंबरवर प्रयत्न केला आणि फोन कोणी उचलला नाही, एवढे तरी नोंदीत असावे लागते.

भारतात काय स्थिती?

‘विचारायचे कोणाला’ या प्रश्नाचे भारतातील सर्वात गाजलेले उत्तर मुंबईतून आले. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधील हल्ल्यानंतर दशकानुदशके त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी करणारी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. वर्षानुवर्षे ज्यांनी भरवले, आंघोळ घातली, तेच त्यांचे खरे जवळचे, अशी त्यामागची भूमिका होती. कर्मचाऱ्यांना त्यांनी जगावे असे वाटत होते. शानबाग यांचे मे 2015 मध्ये निधन झाले.

आजची प्रक्रिया ‘कॉमन कॉज’ खटल्याच्या 2018 च्या निकालात आणि जानेवारी 2023 मध्ये त्यात केलेल्या बदलांत आहे. ती जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरती आहे. रुग्णाचे इच्छापत्र नसेल, तर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ नातेवाईक किंवा पालकांशी, तसेच फॅमिली डॉक्टर असल्यास त्यांच्याशी चर्चा करते. या चर्चेचे इतिवृत्त लेखी ठेवण्याचे बंधन आहे. नातेवाइकांनी लेखी संमती दिली, तरच पुढे जाता येते. त्यानंतर वेगळ्या डॉक्टरांचे दुय्यम मंडळ तपासणी करते आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते.

दोन पद्धतींतला फरक इथे दिसतो. इंग्लंडमध्ये नातेवाईक माहिती देतात, भारतात ते संमती देतात. संमतीची सही मिळाली, की फाइल पूर्ण झाली असे वाटणे सोपे असते. त्यामुळे ‘चर्चेचे इतिवृत्त’ अनेकदा एका वाक्यात उरकण्याचा धोका राहतो. त्या इतिवृत्तात रुग्णाने पूर्वी काय म्हटले होते, ते कोणी ऐकले, कोणाचे मत वेगळे होते आणि घरातल्या कोणाला विचारले नाही, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या, तर सहीच्या पलीकडे रुग्णाचाही आवाज कागदावर येतो.

कुटुंबांना त्यासाठी एक गोष्ट आधीच करता येते. घरातल्या ज्येष्ठांना नळी, व्हेंटिलेटर, शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात, याबद्दल काय वाटते, हे विचारून तारखेसह लिहून ठेवणे. त्याला इच्छापत्राचे कायदेशीर बळ येणार नाही. त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही लागते. पण आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी ‘त्यांना काय हवे होते?’ असे विचारले, तर मुलांना उत्तर आठवत बसावे लागणार नाही.